1/n सारखी चिल्लर अख्खी सिरीज कशी बुडवते: डिरिश्लेच्या १८२९ च्या हरकतीची पार्श्वभूमी

जळगावला बीएस्सीच्या पोरांना ॲनालिसिस शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतोच. फळ्यावर (-1)^n/√n ही सिरीज लिहिलेली असते, ती कन्व्हर्ज होते, म्हणजे तिची बेरीज एका आकड्यावर स्थिरावते, हे पटलेलं असतं, मग मी त्यात 1/n मिळवतो आणि आता सांगा म्हणतो. पोरं म्हणतात सर, n मोठा झाला की √n पुढे 1/n ला विचारतंय कोण, दहा हजाराव्या पदाला मेन भाग ०.०१ आणि हा ०.०००१, म्हणजे शंभरावा हिस्सा, त्याने काय बिघडणार. या पोरांना मी कधीच रागवत नाही, कारण नेमक्या ह्याच जागी कोशीसारखा मोठा फ्रेंच गणिती घसरला होता.

गोष्ट मागून सुरू करावी लागते. 1 + 1/2 + 1/3 + ... ही हार्मोनिक सिरीज अमर्याद वाढत जाते हे १३५० च्या सुमारास निकोल ओरेमने दाखवलं होतं, 1/3 आणि 1/4 मिळून अर्ध्यापेक्षा जास्त, पुढची चार पदं मिळून परत अर्ध्यापेक्षा जास्त, असे अर्धे-अर्धे संपतच नाहीत. दुसरीकडे लायब्निट्झने १७१४ मध्ये योहान बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात आलटून-पालटून चिन्हांच्या सिरीजची टेस्ट दिली, की पदांचा आकार सतत कमी होत शून्याकडे जात असेल तर सिरीज कन्व्हर्ज होते. यातला 'सतत कमी होत' हा भाग लक्षात ठेवा, पोरं तोच गाळतात.

मग १८२१ मध्ये कोशीने कन्व्हर्ज होणं म्हणजे काय हे पहिल्यांदा नीट बांधून लिहिलं, आंशिक बेरजा एका ठरावीक आकड्याकडे गेल्या पाहिजेत, बाकी सगळं गौण. पण त्याच कोशीने पुढे त्याच दशकात फूरिए सिरीज, म्हणजे फंक्शनला sin-cos च्या पदांत मांडणारी सिरीज, कन्व्हर्ज होते हे सिद्ध करताना असा मुद्दा मांडला की आपल्या सिरीजच्या n व्या पदाचं A·sin(nx)/n शी गुणोत्तर १ कडे जातंय आणि ती दुसरी सिरीज कन्व्हर्ज होते, म्हणून आपलीही होते. ऐकायला एकदम सरळ वाटतं. सगळी पदं पॉझिटिव्ह असतील तर हे खरंही आहे, लिमिट कम्पॅरिझन टेस्ट म्हणून आपण तेच शिकवतो. पण sin(nx) चं चिन्ह बदलत राहतं आणि तिथे हा नियम लागू होत नाही.

हे पकडलं डिरिश्लेने. हा जर्मन पोरगा १८२२ ते १८२६ पॅरिसमध्ये शिकायला होता, फूरिएच्या ओळखीत होता, आणि १८२९ च्या जानेवारीत, म्हणजे चोवीस पूर्ण व्हायच्या आधी, बर्लिनमधून त्याने फूरिए सिरीजवरचा आपला पेपर लिहिला. त्यात कोशीच्या पायरीवर हरकत घेताना त्याने लांबलचक वाद घातला नाही, नुसत्या दोन सिरीज शेजारी-शेजारी ठेवल्या:

```
(-1)^n/√n
(-1)^n/√n · (1 + (-1)^n/√n)
```

दोघींच्या पदांचं गुणोत्तर 1 + (-1)^n/√n, म्हणजे १ कडेच जातं. पहिली कन्व्हर्ज होते. दुसरीचा गुणाकार सोडवला की (-1)^n गुणिले (-1)^n म्हणजे १, आणि हातात राहतं (-1)^n/√n + 1/n. आता ही जर कन्व्हर्ज होत असती तर तिच्यातून पहिली वजा केली असती आणि उरलेली हार्मोनिकही कन्व्हर्ज झाली असती, जे होतच नाही. संपलं.

सिद्धता दोन ओळींची आहे, पण पोरांच्या मनातली शंका तिने जात नाही. लहान भागाने मोठ्याला हरवलं कसं? याचं उत्तर मला जोडीजोडीने बघताना सापडलं आणि मी तसंच शिकवतो. ९९ वं आणि १०० वं पद घ्या. मेन भागात एक -०.१००५०४ आहे आणि दुसरं +०.१, बेरीज केली की उरतं जेमतेम -०.०००५. आता चिल्लर भाग बघा, १/९९ अधिक १/१००, दोन्ही एकाच चिन्हाचे, काहीच कटत नाही, बेरीज ०.०२०१. म्हणजे सुटं पद बघितलं तर 1/n हा मेन भागाच्या दहावा हिस्सा, पण कटाकटी झाल्यावर जे हातात उरतं त्याच्या तो चाळीसपट आहे! मोंढ्यात काटा कधी पावशेर इकडे कधी पावशेर तिकडे झुलला तर शंभर पोत्यांत ते आपोआप फिटतं, कडता मात्र दर पोत्याला एकाच बाजूने कापला जातो आणि शेवटी हिशोबात तोच दिसतो, तसं हे आहे. सिरीजमध्ये पदाचा आकार बघून उपयोग नाही, कटून काय उरतं ते बघावं लागतं. (-1)^n/√n च्या जोडीतलं उरलेलं साधारण n√n च्या भागाकाराने कमी होतं, 1/n त्यापेक्षा हळू कमी होतो, म्हणून तो भारी पडतो.

आकड्यांत हे फार सावकाश दिसतं आणि म्हणूनच फसवतं. मेन भागाची एकूण बेरीज साधारण -०.६०५ वर थांबते. 1/n मिळवल्यावर १०० पदांची बेरीज ४.६३ च्या आसपास, दहा हजार पदांची ९.१९, दहा लाख पदांची १३.७९. पदं शंभरपट केली की बेरीज फक्त साडेचार-पावणेपाचने वाढते, त्यामुळे कॉम्प्युटरवर थोडा वेळ बघून 'थांबत आलीय' असं वाटणं अगदी साहजिक आहे, पण ती थांबत नाही, लॉगच्या चालीने चढतच राहते.

मग लायब्निट्झची टेस्ट इथे खोटी ठरली का? नाही. चिन्हं आलटून-पालटून आहेत, पदं शून्याकडे जातात, पण आकार सतत कमी होत नाही: ९ वं पद ०.२२२, १० वं ०.४१६, ११ वं ०.२११, परत वर परत खाली. जी अट पोरं घाईत तपासत नाहीत तीच मोडलेली आहे.

परीक्षेच्या पेपरात हे उघडं येत नाही, लपून येतं. (-1)^n/(√n + (-1)^n) ही n = 2 पासूनची सिरीज घ्या, बघताना वाटतं √n शेजारी तो ±१ काय करणार. वर-खाली √n - (-1)^n ने गुणा, मिळतं (-1)^n·√n/(n-1) - 1/(n-1), पहिला तुकडा लायब्निट्झने कन्व्हर्ज, दुसरा सरळ हार्मोनिक, सिरीज गेली. log(1 + (-1)^n/√n) मध्येही तेच, विस्तार केला की वर्गाच्या पदातून -1/(2n) बाहेर येतो, वर्गाने चिन्ह खाल्लं की कटाकटी बंद. पण sin((-1)^n/√n) घेतलं तर त्यात वर्गाचं पद नसतं, थेट घन येतो, त्याचं चिन्हही बदलतं आणि आकार n√n च्या भागाकाराचा, म्हणून ती सुखरूप कन्व्हर्ज होते. तसंच √n च्या जागी n ठेवून (-1)^n/(n + (-1)^n) केलं तर बाहेर पडणारा एकाच चिन्हाचा तुकडा 1/n^2 च्या आकाराचा असतो, आणि त्याची बेरीज मर्यादित आहे, त्यामुळे तिथेही काही बिघडत नाही.