सहभागी कृती संशोधन : मराठवाड्यातील भूजलाच्या संदर्भात

ज्या लोकांचा प्रश्न आहे त्यांनीच संशोधकासोबत तो मांडायचा, माहिती गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा, त्यावरून काही करून पाहायचे आणि त्याचा परिणाम पुन्हा तपासायचा, अशा संशोधनपद्धतीला सहभागी कृती संशोधन म्हणतात. कृती आणि संशोधन यांची सांगड कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मांडली. कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी १९७०च्या दशकात तिला शेतकरी-कष्टकऱ्यांच्या बाजूने वळण दिले.

मराठवाड्यात ही पद्धत विहिरींच्या बाबतीत चांगली समजते. इथल्या जमिनीखाली बेसाल्ट आहे. मुरूम आणि मांजऱ्या खडकात पाणी साठते, खालच्या अखंड काळ्या पाषाणात जवळजवळ नाही. त्यामुळे साठा थोडा असतो आणि शेजारच्या दोन विहिरींचे वागणेही सारखे नसते. शासनाची भूजल यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. तालुक्याचे चित्र पाहायला ते पुरते. पण एखाद्या गावाने रब्बीत काय पेरावे, हे एका विहिरीवरून ठरवता येत नाही.

नेहमीच्या पाहणीत बाहेरचा संशोधक प्रश्नावली तयार करून आणतो, शेतकऱ्याला बोअरची खोली आणि उसाचे क्षेत्र विचारतो आणि निघून जातो. अहवाल विद्यापीठात राहतो. उत्तर देणारा माणूस इथे केवळ माहितीचा स्रोत असतो. आपले उत्तर कुठे गेले हे त्याला कळत नाही, ते चुकीचे वाचले गेले तर दुरुस्तही करता येत नाही.

सहभागी पद्धतीत सुरुवात प्रश्नापासून होते. संशोधकाच्या मनात ‘पातळी का खालावते’ हा प्रश्न असतो. पाणी आणणाऱ्या बायकांचा प्रश्न असतो, ‘कोणती विहीर आधी आटते आणि त्यानंतर जायचे कुठे?’ दुसरा प्रश्न मान्य झाला की मोजायच्या विहिरींची यादीही बदलते. बागायतदारांच्या विहिरींबरोबर वस्तीवरची पिण्याची विहीर यादीत येते. मग गावातलीच माणसे वजन बांधलेल्या टेपने, काठावरच्या रंगाच्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतात. पंप चालू असताना मोजले तर पातळी खरी येत नाही, म्हणून रात्रभर उपसा बंद ठेवून सकाळी मोजावे लागते. नोंदी चावडीवर सर्वांना दिसतील अशा लिहितात.

यातून पाण्याचा ताळेबंद मांडता येतो. उदाहरणादाखल १,००० हेक्टरचे गाव घेऊ. ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर एकूण ७० लाख घनमीटर पाणी पडते, कारण एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. त्यातले दहा टक्के मुरले असे धरले, तर सात लाख घनमीटर हाती राहते. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी सुमारे २० हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे ३५ हेक्टर ऊस गावाचे सगळे मुरलेले पाणी संपवतो. तेच पाणी रब्बी ज्वारीला दोन-तीन पाळ्या देऊन, हेक्टरी दोन हजार घनमीटरने, ३५० हेक्टरला पुरते. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी यातून आधी वेगळे काढायला हवे. मुरण्याचे दहा टक्के हा अंदाज आहे. खरा आकडा पातळीच्या नोंदीच सुचवतात आणि पुढच्या वर्षी गणित त्यावरून सुधारले जाते. ठरलेली पेरणी, नंतरची पातळी, पुन्हा बैठक हे चक्र फिरते. या चक्राविना लोकांनी माहिती गोळा केली, तर ते संशोधकाचे फुकटचे काम ठरते.

खरा धोका गावाच्या आतच असतो. ताळेबंदाने ज्यांचा ऊस उघडा पडतो तेच बहुधा बैठकीत वजनदार असतात. खोल बोअर नोंदवले जात नाहीत, भूमिहीन मजूर सभेत मागे बसतात आणि निर्णय होण्याआधी बायका स्वयंपाकाला निघून जातात. सहभाग नावापुरता आहे हे ओळखण्याची साधी खूण आहे: पहिल्या बैठकीत ठरलेला प्रश्न शेवटपर्यंत शब्दशः तसाच राहिला, तर लोकांनी तो ठरवलेलाच नाही. वही कोणाच्या घरी राहते आणि ती कोण वाचू शकतो, हेही पाहावे. कोणाची किती खोल विहीर आहे ही नोंद त्या माणसाला अडचणीत आणू शकते. ती गावाबाहेर द्यायची की नाही याची संमती ग्रामसभेत आणि त्या कुटुंबाकडूनही घ्यावी लागते.

पद्धतीला मर्यादा आहेत. शिवाराच्या पलीकडल्या बोअरवर या गावाची सत्ता चालत नाही, आणि पाण्याचा साठा गावाची हद्द जाणत नाही. एका गावाचे निष्कर्ष दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. चक्राला किमान दोन-तीन पावसाळे लागतात, तर संशोधन प्रकल्पाची मुदत बहुधा त्याआधी संपते. मग टेप कोणी धरायचा आणि मोजणाऱ्याचा बुडालेला रोज कोणी द्यायचा, हे पहिल्याच बैठकीत ठरवून ठेवावे लागते.