बी.ए.चा प्रकल्प बायोडेटात कसा मांडावा

कला शाखेच्या पदवीधरांचे बायोडेटा मार्गदर्शनासाठी आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांत बहुधा 'उत्तम संवादकौशल्य', 'मेहनती', 'लेखनाची आवड' असे शब्द असतात. हे कुणीही लिहू शकतं, म्हणून निवड करणारा ते वाचतच नाही. तृतीय वर्षाच्या प्रकल्पात मात्र तुम्ही खरं काम केलेलं असतं. त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत असतो, तोही फक्त विषयापुरता.

समजा, इतिहासाच्या विद्यार्थिनीने 'तालुक्याचा आठवडी बाजार' हा प्रकल्प केला आहे. आम्ही तिला विचारू: किती जणांशी बोललीस? कागदपत्रं कुठली पाहिलीस? लिहिलंस किती? मग बायोडेटात ओळ येते: 'बाजारातल्या 22 विक्रेत्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचं शब्दांकन केलं, नगरपरिषदेच्या जुन्या नोंदींशी माहिती ताडून पाहिली आणि 40 पानी अहवाल लिहिला.' स्वयंसेवी संस्थेत संशोधन साहाय्यकाच्या जागेसाठी ही ओळ अशीच सर्वांत वर घ्यावी. प्रकाशनसंस्थेत अर्ज करायचा असेल, तर शब्दांकन आणि अहवालाचं लेखन आधी, मुलाखती नंतर. काम तेच असतं. जाहिरातीत जे मागितलंय ते पुढे आणायचं. गटात केलेल्या प्रकल्पात आपला वाटा तेवढाच लिहा. '22 जण कसे निवडले?' या प्रश्नावर अडखळलात, तर बाकीच्या बायोडेटावरचाही विश्वास उडतो.

अर्जासोबत 40 पानं पाठवू नका. त्यातला एकच मुद्दा घ्या, उदाहरणार्थ बाजाराचा वार का बदलला, आणि बाहेरच्या माणसाला कळेल असं साधारण 350 शब्दांचं एक पान नव्याने लिहा. जाहिरात इंग्रजीत असेल, तर तेच पान इंग्रजीतही तयार ठेवा. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ पाठवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली वर्ड फाइल, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी नुसती चिन्हं दिसतात. चांगलं लिखाण केवळ एवढ्यामुळे न वाचता बाजूला पडतं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

हे पान आम्ही तुमच्यासाठी लिहून देत नाही. पुष्कळ ठिकाणी मुलाखतीच्या दिवशीच समोर बसवून लिहायला लावतात, आणि दोन लेखनांतला फरक लगेच कळतो. आम्ही तुमचा मसुदा वाचतो, प्रश्न विचारतो, दुरुस्त्या सुचवतो. नुसत्या टक्केवारीवर किंवा स्पर्धा परीक्षेवर होणाऱ्या भरतीत या तयारीचा फारसा उपयोग नाही, हेही आधीच सांगतो. टक्के कमी असले तरी ते लपवू नका. शिक्षणाच्या रकान्यात असतील तसे लिहा.

पहिल्या भेटीला येताना प्रकल्पाची प्रत, मुलाखतींच्या वह्या किंवा ध्वनिमुद्रणं आणि तुम्हाला खरोखर हव्या असलेल्या दोन नोकऱ्यांच्या जाहिराती घेऊन या.