उद्यम नोंदणीतला एनआयसी कोड: मुख्य व्यवसाय कोणता आणि एकाच कंपनीला अनेक कोड का?

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या उद्यम नोंदणीच्या अर्जात एनआयसी कोडच्या, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या कोडच्या, रकान्यात बऱ्याच चुका होतात. हा कोड कंपनी कोणता माल विकते ते सांगत नाही, ती कोणतं काम करते ते सांगतो. मालासाठी जीएसटीचा एचएसएन कोड वेगळा असतो. तो इथे चालत नाही.

उद्यम अर्जात वापरल्या जाणाऱ्या एनआयसी २००८ मध्ये कोड पाच अंकी आहे आणि तो डावीकडून वाचायचा असतो. १०७९५ हा कोड घ्या. पहिले दोन अंक, १०, म्हणजे खाद्यपदार्थांचं उत्पादन. १०७९ पर्यंत आलो की 'इतर खाद्यपदार्थ', आणि पाचवा अंक धरला की मसाले दळणं व त्यांवर प्रक्रिया करणं. या सगळ्याच्या वर इंग्रजी अक्षरांचे २१ विभाग आहेत. त्यांत उत्पादन सी विभागात येतं, तर घाऊक आणि किरकोळ व्यापार जी विभागात.

आता सांगलीतली एक कंपनी समजा. ती हळद आणि मसाले दळून विकते, लोणचं घालते, शिवाय बाहेरून आणलेल्या धान्य-डाळींचं दुकान चालवते. कामं तीन, म्हणून कोडही तीन: मसाल्यांना १०७९५, लोणच्याला १०३०६ आणि दुकानाला ४७२११. यासाठी तीन नोंदण्या करायच्या नाहीत. एका उद्योगाला एकच उद्यम नोंदणी मिळते आणि तिच्यात हवी तितकी कामं जोडता येतात. एकाच मालकाच्या दोन नावांच्या प्रोप्रायटरी फर्म असल्या तरी पॅन एकच असतो, त्यामुळे नोंदणीही एकच.

पण मुख्य व्यवसाय कोणता लिहायचा? बहुतेक जण विक्रीचा आकडा पाहतात आणि तिथेच फसतात. वर्गीकरणाची पद्धत मूल्यवर्धनावर चालते, म्हणजे विक्रीतून विकत घेतलेला माल, वीज, वाहतूक यांचा खर्च वजा करून जे उरतं त्यावर. आपल्या कंपनीचं दुकान २ कोटींची विक्री करतं, पण १ कोटी ६५ लाख खरेदी-खर्चात जातात आणि ३५ लाख उरतात. मसाल्यांच्या ९० लाखांतून २५ लाख उरतात, लोणच्याच्या ५० लाखांतून २० लाख. सुटं पाहिलं तर दुकान पुढे आहे. मात्र नियम आधी विभाग ठरवायला सांगतो, मग त्याच्या आतला कोड. सी विभागात २५ आणि २० मिळून ४५ लाख होतात, जी मध्ये ३५. म्हणून ही कंपनी उत्पादक ठरते आणि तिचा मुख्य कोड १०७९५.

या निवडीचा परिणाम पैशांत दिसतो. २ जुलै २०२१ पासून व्यापारालाही उद्यम नोंदणी मिळते, पण लाभ प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता ठेवला आहे. थकलेल्या बिलांवर व्याज मागण्याचा कायदेशीर आधार उत्पादक आणि सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे. उत्पादक असून 'व्यापार' निवडलं, तर ही चूक बिल थकल्यावरच लक्षात येते.

दुसऱ्यांचा माल मजुरीवर दळून देणाऱ्यालाही उत्पादनाचाच कोड लागतो. याउलट, स्वतःचा कच्चा माल न घेता सगळं बाहेरून बनवून घेऊन फक्त आपल्या नावाची पाकिटं विकणारा व्यापारात मोडतो. कच्चा माल स्वतः विकत घेऊन बाहेरून दळून घेतला, तर तो मात्र उत्पादक.

अर्ज udyamregistration.gov.in वर विनामूल्य भरता येतो. कागद अपलोड करावे लागत नाहीत. कंपनीसाठी अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा आधार क्रमांक, कंपनीचा पॅन, जीएसटी क्रमांक, बँक खातं आणि आयएफएससी, प्रत्येक युनिटचा पत्ता आणि कामगारांची संख्या एवढं हाताशी ठेवा. आधारशी जोडलेला मोबाइलही जवळ असू द्या, ओटीपी त्यावरच येतो. कोड निवडताना आधी दोन अंक, मग चार, मग पाच असे उतरत जा. शेवटी ९९ असलेला कोड, जसा १०७९९, हा 'इतर' प्रकारांसाठी आहे. नेमका कोड असताना तो घेतला, तर मसाल्यांचा उद्योग कागदावर दिसतच नाही.

जुन्या कंपन्यांनी एक सापळा टाळावा. कंपनीच्या नोंदणी क्रमांकात, म्हणजे सीआयएनमध्ये, पहिल्या अक्षरानंतरचे पाच अंक हाच उद्योग कोड असतो, पण तो कंपनी स्थापन झाली तेव्हाच्या यादीतला. २००४ च्या यादीत १५ म्हणजे खाद्यपदार्थ होते, २००८ च्या यादीत १५ म्हणजे चामडं. U15 ने सुरू होणाऱ्या सीआयएनमधले अंक उद्यम अर्जात तसेच उतरवले, तर लोणच्याची कंपनी चपलांच्या रांगेत जाऊन बसते.

नवं काम सुरू झालं की त्याच नोंदणीत 'Update' मधून कोड वाढवा आणि नवं प्रमाणपत्र डाउनलोड करून बँकेत द्या.