सुगम्यता तपासणी, जाहिरात मजकुराची

जाहिरातीचा मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो अंध, अल्पदृष्टी, वाचनात अडचण येणाऱ्या किंवा ती भाषा नव्याने शिकणाऱ्या वाचकांना कळेल व वापरता येईल का, हे पाहण्याची संपादकीय प्रक्रिया. सोपे शब्द, वाक्याची लांबी, लिंकचे शब्द आणि चित्रवर्णन या चार गोष्टी तीत पाहतात. रंगसंगतीसारख्या मांडणीच्या बाबी सहसा वेगळ्या तपासल्या जातात.

या चारही गोष्टींना नियमांचे पाठबळ सारखे नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने वेबसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९९ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ ची आहे. तीत चित्राला पर्यायी मजकूर असणे (निकष १.१.१) आणि लिंकचा हेतू कळणे (२.४.४) हे ‘ए’ या किमान पातळीवर येतात. वाचनसुलभता (३.१.५) मात्र ‘एएए’ या सर्वांत वरच्या पातळीवर आहे, आणि वाक्य किती शब्दांचे असावे याचा आकडा त्यांत नाही. त्यामुळे चित्रवर्णन राहिले तर तपासनीस नियमावर बोट ठेवू शकतो. लांब वाक्याबाबत त्याला लेखकाचे मन वळवावे लागते.

वाक्यलांबीचे आकडे वाचनसुलभतेच्या सूत्रांतून रूढ झाले असावेत. वाचनसुलभतेचे अभ्यासक रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे इंग्रजीसाठीचे सूत्र दोनच गोष्टी मोजते : दर वाक्यातील शब्द आणि दर शब्दातील अक्षरोच्चार. ब्रिटिश शासनाचे लेखननियम २५ शब्दांवरची वाक्ये तोडायला सांगतात. मराठीला हे मोजमाप जसेच्या तसे लावता येत नाही. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्याने शब्दसंख्या घटते आणि दर शब्दातील उच्चार वाढतात. शिवाय क्रियापद बहुधा शेवटी असते, त्यामुळे मधल्या विशेषणवाक्यांचा भार वाचकाला तोपर्यंत पेलावा लागतो. म्हणून शब्द मोजण्यापेक्षा कर्ता आणि क्रियापद यांच्यातील अंतर पाहणे अधिक उपयोगी ठरते.

लिंकबाबत दोन मते आहेत. निकष २.४.४ नुसार त्याच वाक्यातून किंवा परिच्छेदातून हेतू कळला तरी पुरते; २.४.९ (एएए) नुसार केवळ लिंकच्या शब्दांवरून तो कळायला हवा. जाहिरातीसाठी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, वापरणारे अनेकजण पानावरच्या लिंकची यादी उघडतात (एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये Insert+F7), आणि त्या यादीत भोवतालचे वाक्य नसते. ‘अधिक वाचा’ सहा वेळा ऐकू आले, तर कोणती लिंक कुठे नेते हे कळायला मार्ग उरत नाही.

चित्रवर्णनाची `alt` ही सोय वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या १९९५ च्या २.० आवृत्तीत होती आणि ४.० मध्ये (१९९७) ती अनिवार्य झाली. सुरुवातीला तिचा रोख चित्रे न दाखवणाऱ्या ब्राउझरांवरही होता. वर्णन १२५ अक्षरांच्या आत असावे हा नियम सर्रास सांगितला जातो. मात्र उपरोक्त तत्त्वांत असा आकडा नाही. काही स्क्रीन रीडर लांब वर्णन तुकड्यांत वाचत, त्यावरून हा आकडा रूढ झाला असे सामान्यतः मानतात, पण हे उगमाचे स्पष्टीकरण निर्णायक नाही. थोडक्यात लिहिण्याचा संकेत म्हणून तो ठीक, मर्यादा म्हणून नव्हे. निव्वळ सजावटीच्या चित्राला `alt=""` देतात, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडतो. `alt` मुळीच नसेल तर तो फाइलचे नावही वाचून दाखवू शकतो.

पाठपिशवीच्या विक्रीचा एक काल्पनिक ईमेल घेऊ. वरच्या चित्रातच ‘३० टक्के सूट, रविवारपर्यंत’ असे छापले आहे, त्याचे वर्णन ‘पिशवीचे चित्र’ आहे, आणि खाली तीन ठिकाणी ‘येथे क्लिक करा’. स्वयंचलित तपासणीत चित्र उत्तीर्ण होते, कारण वर्णन रिकामे नाही. प्रत्यक्षात ऐकणाऱ्याला सूट आहे हेच समजत नाही. तपासनीस सूट व मुदत मजकुरात आणतो. चित्रही लिंक असल्याने त्याचे वर्णन ‘सवलतीतील पाठपिशव्या पाहा : ३० टक्के सूट, रविवारपर्यंत’ असे होते. लिंक ‘पाठपिशव्यांची मापे पाहा’, ‘परतीच्या अटी वाचा’ आणि ‘पाठपिशवी मागवा’ अशा होतात. ‘प्रवासानुभवाला नवे परिमाण देणारी अभिनव वहनक्षमता’ याऐवजी ‘दोन दिवसांचे कपडे मावतात’ येते. हा बदल लेखकांना सर्वांत खटकतो, आणि तपासनिसानेही तो करताना दावा खरा आहे का, हे उत्पादन विभागाकडून पडताळून घ्यावे लागते.

समाजमाध्यमांवरील मजकुराला हेच निकष लावतात. तेथे इमोजींची भर पडते : स्क्रीन रीडर प्रत्येक इमोजीचे नाव उच्चारतो, त्यामुळे ओळीने टाकलेले पाच इमोजी पाच नावे म्हणून ऐकू येतात.