टॅग जागचा हलत नाही

‘पोस्टला लोकेशन टॅग लावला की आपण पुढे कुठे जातो तेही सगळ्यांना दिसत राहतं.’

तसं होत नाही. टॅग म्हणजे यादीतून निवडलेलं जागेचं नाव. घरी परतल्यावर आठवड्यानेही लावता येतं. लाइव्ह लोकेशनमध्ये मात्र फोन आपली जागा पुन्हापुन्हा कळवतो. व्हॉट्सॲपवर त्यासाठी १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास अशी मुदत निवडावी लागते आणि ते निवडलेल्या चॅटमध्येच दिसतं.

पडताळायचं तर टॅग लावून दुसरीकडे जा आणि मित्राच्या फोनवर पोस्ट बघा. नाव तेच असेल.

तरी मला काळजी वाटते ती ‘आत्ताच पोहोचलो’ या ओळीची. टॅग, पोस्टची वेळ आणि ही ओळ जुळली की त्या घटकेचा ठावठिकाणा कळतो. फोटोमागची पाटी तर टॅगशिवायही जागा सांगते.