इन्शुरन्स स्पेअर साठ्यात ठेवण्याची मंजुरी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज परत येण्याची कारणे

वर्षानुवर्षे लागत नाही, पण लागला त्या दिवशी भांडारात नसेल तर उत्पादन बंद पाडतो, अशा सुट्या भागाला कारखान्यांत इन्शुरन्स स्पेअर म्हणतात. असा भाग साठ्यात घेण्यासाठी देखभाल विभागाला नवीन साठा-नोंदणीचा अर्ज करावा लागतो. फॉर्मचे नाव कारखान्यागणिक वेगळे असले तरी वाट बहुतेक ठिकाणी एकच आहे: विभागप्रमुखाची सही, भांडाराची तपासणी, लेखा विभागाचा शेरा आणि शेवटी साठा समितीची मंजुरी. परत आलेले अर्ज पाहिले तर भाग अनावश्यक होता म्हणून नाकारलेले फार थोडे आढळतात. बहुतेक अर्ज बिघाडाचा इतिहास, पुरवठ्याचा कालावधी आणि खर्चाचे शीर्ष या तीन रकान्यांवर अडतात, म्हणून या लेखात भर त्यांच्यावरच दिला आहे.

समजण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. एका रसायन कारखान्यात चार रिअ‍ॅक्टर आहेत आणि प्रत्येकाच्या अ‍ॅजिटेटरला एकाच प्रकारचा गिअरबॉक्स आहे. एका गिअरबॉक्सची किंमत १८ लाख रुपये. गिअरबॉक्स बंद पडला आणि दुसरा हाताशी नसला तर बाहेरून गिअर कापून घेऊन तात्पुरती दुरुस्ती करण्यात २१ दिवस जातात आणि त्या रिअ‍ॅक्टरचे दररोज ३ लाखांचे नुकसान होते. म्हणजे एका बिघाडाची किंमत ६३ लाख रुपये.

पात्रता

भाग महाग आहे किंवा परदेशातून येतो, एवढ्यावर तो पात्र ठरत नाही. पहिली अट अशी की तो बंद पडल्यावर यंत्र थांबले पाहिजे आणि त्याची जागा घेणारे राखीव यंत्र नसले पाहिजे. दोन पंपांपैकी एक कायम राखीव असेल, तर त्या पंपाच्या भागासाठी केलेला अर्ज सहसा टिकत नाही आणि ते योग्यही आहे. दुसरी अट अशी की बिघाडाची आगाऊ चाहूल पुरवठ्याच्या कालावधीपेक्षा कमी मुदतीची असावी. कंपनमापनात सहा आठवडे आधी दोष दिसतो आणि भाग चार आठवड्यांत मिळतो, असे असेल तर तो साठवून ठेवण्याऐवजी दोष दिसताच मागवणे स्वस्त पडते. पट्टे, सील, फिल्टर यांसारखे नियमित झिजणारे भाग या अर्जात घालू नयेत. त्यांच्यासाठी किमान-कमाल पातळीची साधी पद्धत आहे आणि ते मिसळले की संपूर्ण अर्ज परत येतो.

कोणाकडेच नसलेला कागद

फॉर्ममध्ये ‘मागील तीन वर्षांतील वापर’ असा रकाना असतो. नेहमी लागणाऱ्या मालासाठी तो रास्त आहे. इन्शुरन्स स्पेअरसाठी तो निरुपयोगी आहे, कारण आठ-दहा वर्षांतून एकदा बिघडणाऱ्या वस्तूचा तीन वर्षांतला वापर शून्य असणे हेच स्वाभाविक आहे. तरीही अर्जदार तिथे शून्य लिहितात, भांडार विभाग ‘वापर नाही, साठवण्याची गरज नाही’ असा शेरा मारतो आणि प्रकरण बंद होते. हा रकाना वर्षानुवर्षे तसाच छापला जातो याची चीड येते, पण फॉर्म बदलेपर्यंत वाट पाहणे परवडणारे नाही.

म्हणून त्या रकान्यात ‘सोबतचे परिशिष्ट पाहावे’ असे लिहावे आणि परिशिष्टात यंत्र-वर्षांचा हिशेब द्यावा. चार गिअरबॉक्स आठ वर्षे चालले म्हणजे ३२ यंत्र-वर्षे झाली. या काळातले बिघाड शोधण्यासाठी संगणकातील नोंदींवर विसंबू नये. आमच्या उदाहरणात तिथे दोनच बिघाड सापडतात. तिसरा पाळीच्या लॉगबुकात ‘आवाज येतो म्हणून बंद केला, बेअरिंग बदलले’ अशा शब्दांत लिहिलेला असतो, तर चौथा फक्त बाहेरच्या कार्यशाळेच्या दुरुस्ती बिलावरून उमगतो. ३२ यंत्र-वर्षांत चार बिघाड म्हणजे एका गिअरबॉक्सला सरासरी आठ वर्षांतून एकदा, आणि चारही मिळून वर्षाला ०.५ बिघाड. लॉगबुकाच्या त्या पानाची आणि बिलाची छायाप्रत परिशिष्टाला जोडली की समितीला आकड्याचा उगम दिसतो.

एकही बिघाड झालेला नसेल, तर दर शून्य धरू नये. अशा वेळी ३ भागिले यंत्र-वर्षे हा दराचा सावध वरचा अंदाज मानण्याची संख्याशास्त्रातली रीत आहे. ४० यंत्र-वर्षांत बिघाड नसेल तर दर प्रतियंत्र वर्षाला ०.०७५ पेक्षा कमी आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. अर्जात ही वरची मर्यादा आहे हे स्पष्ट लिहावे, तिला सरासरी म्हणून पुढे करू नये.

यासोबत नेमप्लेटचा छायाचित्रासह तपशील द्यावा लागतो. मॉडेलचा क्रमांक जुळला म्हणजे गिअरबॉक्स एकमेकांच्या जागी बसतात असे नाही. गिअरचे गुणोत्तर, शाफ्टचा व्यास आणि बसवण्याची रचना चारही यंत्रांवर प्रत्यक्ष पाहून लिहावी. दाट मालासाठी एखाद्या रिअ‍ॅक्टरचा वेग पूर्वी कमी केलेला असतो आणि तो बदल रेखाचित्रावर आलेला नसतो. असे असेल तर तुमच्याकडे चार नव्हे, तीनच समान यंत्रे आहेत आणि हिशेब बदलतो.

चुकीचा वाचला जाणारा कालावधी

पुरवठादाराच्या दरपत्रकात ‘१४ आठवडे’ असे लिहिलेले असते आणि अर्जदार तोच आकडा फॉर्ममध्ये उतरवतो. त्याच दरपत्रकाच्या अटींत मात्र हा कालावधी रेखाचित्र मंजूर झाल्यापासून आणि आगाऊ रक्कम मिळाल्यापासून मोजला जाईल असे म्हटलेले असते. त्याआधी इंडेंट, दरपत्रके, तांत्रिक तुलना आणि खरेदी आदेश यांत आपल्याच कार्यालयाचे आठ आठवडे जातात. नंतर वाहतूक, तपासणी आणि भांडारात नोंद यांना चार आठवडे लागतात. म्हणजे खरा कालावधी २६ आठवड्यांचा, अर्ध्या वर्षाचा आहे. पुरावा म्हणून याच पुरवठादाराच्या मागील एक-दोन खरेदी आदेशांच्या प्रती लावाव्यात आणि इंडेंटच्या तारखेपासून माल भांडारात आल्याच्या तारखेपर्यंतचे आठवडे मोजून दाखवावेत.

हा फरक किती मोठा आहे ते संख्येतच पाहावे. वर्षाला ०.५ बिघाड आणि अर्ध्या वर्षाचा कालावधी म्हणजे एक गिअरबॉक्स वापरून दुसरा येईपर्यंत सरासरी ०.२५ बिघाड अपेक्षित आहेत. बिघाड तुरळक आणि एकमेकांशी संबंध नसलेले असतील तर पॉयसाँ वितरण लागू पडते. साठ्यात एक किंवा दोन गिअरबॉक्स ठेवले असताना, बिघाड होईल तेव्हा भांडार रिकामे असण्याची शक्यता स्प्रेडशीटमध्ये अशी काढता येते:

```
=1-POISSON.DIST(0,0.25,TRUE)
=1-POISSON.DIST(1,0.25,TRUE)
```

पहिल्या ओळीचे उत्तर ०.२२१ आणि दुसरीचे ०.०२६५ येते. एका गिअरबॉक्सचा वार्षिक साठवणखर्च किमतीच्या २० टक्के, म्हणजे ३.६ लाख धरू; त्यात अडकलेल्या भांडवलाचे व्याज, विमा आणि जपणूक येते. साठा नसेल तर वर्षाचे अपेक्षित नुकसान ०.५ गुणिले ६३, म्हणजे ३१.५ लाख. एक ठेवला तर नुकसान सुमारे ७ लाख आणि साठवण ३.६ लाख, एकूण १०.६ लाख. दोन ठेवले तर नुकसान ०.८ लाख आणि साठवण ७.२ लाख, एकूण ८ लाख. तिसरा ठेवला की एकूण खर्च पुन्हा १०.९ लाखांवर जातो. म्हणून मागणी दोनची असावी.

हाच हिशेब १४ आठवडे धरून केला तर एका गिअरबॉक्सचा एकूण वार्षिक खर्च ७.५७ लाख आणि दोनचा ७.४६ लाख येतो. एवढ्याशा फरकासाठी दुसऱ्या गिअरबॉक्सवर १८ लाख गुंतवायला कोणतीही समिती तयार होणार नाही, आणि तिच्यासमोरच्या कागदावरून पाहिले तर तिचे चुकत नाही. चूक दरपत्रक अर्धवट वाचण्यात झालेली असते.

दररोजच्या नुकसानीचा आकडा लेखा विभागाकडून सही करून घ्यावा. विक्रीची पूर्ण रक्कम नुकसान म्हणून दाखवलेला अर्ज हमखास परत येतो, कारण यंत्र बंद असताना कच्चा मालही लागत नाही; धरायचे ते विक्रीतून बदलते खर्च वजा करून उरणारे योगदान. बुडालेले उत्पादन नंतर जादा पाळीत भरून काढता येत असेल तर तेही प्रामाणिकपणे वजा करावे.

खर्चाचे शीर्ष

अर्ज भांडाराच्या महसुली तरतुदीतून केला आणि वस्तू भांडवली ठरली, तर मंजुरी मिळूनही खरेदी होत नाही. २०१६ मध्ये सुधारलेले लेखा मानक एएस १० आणि मोठ्या कंपन्यांना लागू असलेले इंड एएस १६ यांनुसार, जो सुटा भाग स्थिर मालमत्तेच्या व्याख्येत बसतो, म्हणजे उत्पादनासाठी ठेवलेला असून एकाहून अधिक लेखा कालावधींत वापरला जाणे अपेक्षित असते, तो मालमत्ता म्हणून नोंदवला जातो. बाकीचे भाग मालसाठ्यात जातात. आपला गिअरबॉक्स बहुधा पहिल्या गटात जाईल. त्यासाठी भांडवली अंदाजपत्रकात तरतूद हवी आणि तिची मागणी नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या बऱ्याच आधी गोळा केली जाते. म्हणून वर्गीकरणाचा लेखी शेरा अर्ज भरण्याआधीच घ्यावा. समितीपुढे गेल्यावर हा प्रश्न निघाला तर अनेकदा पूर्ण वर्ष वाया जाते.

मंजुरीनंतर

मंजुरीच्या पत्रावर ‘इन्शुरन्स स्पेअर, न हलणाऱ्या मालाच्या यादीतून वगळावा’ असा स्पष्ट उल्लेख मागून घ्यावा. वेगाने, हळू आणि न हलणाऱ्या मालाच्या वार्षिक वर्गवारीत असा गिअरबॉक्स साहजिकच शेवटच्या गटात पडतो आणि काही वर्षांनी भंगाराच्या प्रस्तावात त्याचे नाव दिसते.

सॅप प्रणालीत नोंद करताना पुनर्मागणी पातळीकडे विशेष लक्ष द्यावे. नियोजन प्रकार `VB` ठेवून पातळी १ भरली, तर साठा त्या पातळीच्या खाली, म्हणजे शून्यावर गेल्यावरच खरेदीची सूचना निघते. आपला सगळा हिशेब मात्र पहिला गिअरबॉक्स वापरताच दुसरा मागवला जाईल असे धरून केलेला आहे. म्हणून पातळी २ भरावी, आणि लॉट आकार `HB` निवडून कमाल साठाही २ ठेवावा.

जपणुकीची जबाबदारी कोणाची, हेही अर्जातच नाव नव्हे तर पद लिहून ठरवावे. गिअरबॉक्स गंजरोधक तेल भरून, झाकणे लावून, कंपन नसलेल्या जागी ठेवावा लागतो आणि उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने त्याचा शाफ्ट हाताने फिरवून त्याची तारीख कार्डावर लिहावी लागते. रबरी सीलना साठवणीची मुदत असते. ती संपल्यावर सील बदलण्याचे काम नियोजनात आधीच घालून ठेवावे, कारण उभ्या अ‍ॅजिटेटरवर गिअरबॉक्स चढवल्यावर तेल गळू लागले तर तो पुन्हा उतरवावा लागतो.