झोपलेले बाळ आणि डीजेचा आवाज: एक खुलासा

“बाळ डीजेच्या आवाजातही गाढ झोपले आहे, कानात कापूसही घातला आहे; मग त्याला काय होणार?”

झोपेत कान मिटत नाहीत. आतल्या कानातील केसांसारख्या सूक्ष्म पेशींवर आवाजाचा मारा तेव्हाही तसाच होत राहतो आणि नष्ट झालेल्या या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. कापूस फारच थोडा आवाज अडवतो, तर फोमचे बोळे निघून बाळाच्या घशात अडकू शकतात.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की एका स्पीकरचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ३ मीटरवर १०६ डेसिबल असतील, तर ६ मीटरवर १००, १२ मीटरवर ९४ आणि २४ मीटरवरही ८८ उरतात. १०० डेसिबलमध्ये तर मोठ्या माणसानेही पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. बंद सभागृहात भिंतींवरून आवाज परतत असल्याने एवढीही घट होत नाही. त्यामुळे मीटर मोजत बसण्यापेक्षा, हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावे लागते आहे असे दिसताच बाळाला तेथून दूर न्यावे. काही मिनिटे थांबणे अटळच असेल, तर बाळाच्या मापाचे, दोन्ही कान पूर्ण झाकणारे इअरमफ घालावेत. पण तेही आवाज कमी करतात, बंद करत नाहीत.